मूकपटाच्या खेळाचे पत्र

फिल्म सोसायटीचा कार्यवाह दर महिन्याला सभासदांना जे पत्र पाठवतो त्यात चित्रपटाचे नाव, दिग्दर्शक, वर्ष, तारीख, वेळ आणि सभागृहाचा पत्ता एवढा मजकूर असला की बोलपटाचे काम भागते. प्रोजेक्टर सुरू झाला की उरलेले चित्रपट स्वतःच सांगतो. मूकपटाच्या बाबतीत मात्र हा मजकूर अपुरा पडतो. मूकपट किती वेळ चालेल हे तो कोणत्या वेगाने दाखवला जाणार यावर अवलंबून असते. त्याला स्वतःचा आवाज नसतो, म्हणून संगीत कुणीतरी ठरवावे लागते. शिवाय एकाच नावाच्या दोन प्रती सारख्या असतीलच असे नाही. कार्यवाहाला हे सगळे पत्र लिहिण्याआधी ठरवावे लागते, आणि मूकपटांच्या मासिक खेळाचे चांगले पत्र म्हणजे मुख्यतः या ठरावांची नोंद असते.

सभासदांना पत्राने बोलावण्याची पद्धत फिल्म सोसायटीच्या घडणीतूनच आली आहे. लंडनची फिल्म सोसायटी १९२५ साली निघाली तेव्हापासून हे खेळ वर्गणीदारांपुरते असत, आणि दर खेळाला छापील टिपण दिले जाई. भारतात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. तिचा पहिला चित्रपट ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा मूकपटच होता. देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ १९५९ साली झाला आणि मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ साली सुरू झाले. सोसायट्यांना सेन्सॉर प्रमाणपत्राच्या अटीतून जी सूट मिळाली ती खेळ सभासदांपुरता असतो म्हणूनच. दारावर तिकीट विकले तर या सवलतीचा आधारच जातो. म्हणून पत्राचा मायना ‘सन्माननीय सभासद’ असा असतो, ‘रसिकहो’ असा नसतो, आणि पाहुणे आणायचे असतील तर त्यांचा नियम पत्रातच लिहिलेला असतो.

पुढचे सगळे मुद्दे एकाच चित्रपटावर तपासून पाहणे सोयीचे आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ हा १९१९चा, नाशिकच्या हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीचा चित्रपट. कृष्णाच्या भूमिकेत फाळके यांची मुलगी मंदाकिनी, वय सातच्या आसपास. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असे मानले जाते. त्यांतले अगदी मोजके आज पाहता येतात. मूकपटांची मूळ फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई, आणि नीट ठेवली नाही तर डब्यातल्या डब्यात चिकट होऊन तिची पूड होई. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले तोवर बराचसा ठेवा गेलेला होता. पी. के. नायर यांच्या काळात फाळके यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले भाग संग्रहालयात आले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच उरली आहेत, आणि तीही १९१३ची नसून फाळके यांनीच १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत असे काही अभ्यासक मानतात. त्या मानाने ‘कालिया मर्दन’ नशीबवान. मूळ सुमारे सहा हजार फुटांपैकी सुमारे ४,४०० फूट शिल्लक आहे आणि गोष्ट सलग लागते.

या शेवटच्या वाक्यातली माहिती पत्रात पहिल्यांदा यायला हवी, म्हणजे सभासद पाहणार आहेत ती प्रत कोणती आणि किती पुरी आहे. ‘मूळ लांबीचा सुमारे पाऊण भाग उपलब्ध’ असे सहा शब्द लिहिले तर चर्चेत कुणी फाळके यांच्या कथनावर ‘इथे दुवा तुटतो’ असा आक्षेप घेणार नाही. दुवा दिग्दर्शकाने तोडला की वाळवी-ओलाव्याने, हा प्रश्न आधीच मनात असेल. परदेशी चित्रपटांत हा मुद्दा आणखी ठळक होतो. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ जानेवारी १९२७मध्ये बर्लिनला दाखवला गेला तो ४,१८९ मीटरचा. नंतर तो बराच कापला गेला, आणि २००८ साली ब्यूनोस आयर्समध्ये एक जवळपास पूर्ण १६ मिलिमीटरची प्रत सापडली तेव्हा कुठे २०१० साली त्याचे मोठे पुनरुज्जीवन झाले. ‘मेट्रोपोलिस’ एवढेच पत्रात लिहिले तर दीड तासाचा की अडीच तासाचा, हे सभासदाला कळण्याचा मार्ग नाही. आणि हा फरक केवळ शेवटची लोकल गाठण्यापुरता नाही, कापलेल्या भागात पात्रांचे हेतूच गेले होते.

आता ‘कालिया मर्दन’ किती मिनिटांचा? चित्रपटांच्या याद्यांत साधारण पन्नास मिनिटे असे आढळते. कार्यवाहाने तो आकडा उतरवून घेतला आणि सभागृह तासाभरासाठी घेतले तर घोळ होण्याची पूर्ण शक्यता आहे. हिशेब सोपा आहे. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी असतात. सेकंदाला १६ चौकटी या वेगाने फिल्म सेकंदाला एक फूट, म्हणजे मिनिटाला ६० फूट सरकते. बोलपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट. ४,४०० फूट फिल्म बोलपटाच्या वेगाने ४९ मिनिटांत संपते, १८ चौकटींनी ६५ मिनिटे घेते आणि १६ चौकटींनी ७३ मिनिटे. यादीतले पन्नास मिनिटे म्हणजे चित्रपटाची लांबी नव्हे, कुणीतरी तो बोलपटाच्या यंत्रावर पळवला त्याची ती वेळ. संग्रहालयाची प्रत १६ मिलिमीटरची असेल तर एका फुटात ४० चौकटी धरायच्या, बाकी रीत तीच.

मग बरोबर वेग कोणता, असा प्रश्न पडतो आणि त्याला एकच उत्तर नाही. मूकपटाच्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. छायालेखकाचा हात दृश्याप्रमाणे, प्रकाशाप्रमाणे, कधी कंटाळ्याप्रमाणेही बदलत असे. थिएटरवाले तर खेळ लवकर आटोपण्यासाठी वेग वाढवत. १९१०च्या दशकातल्या चित्रपटांना १६ ते १८ आणि १९२०च्या उत्तरार्धातल्यांना २० ते २४ हा ठोकताळा बहुतेक वेळा जवळपास जातो, पण तो ठोकताळाच. तपासण्याचा उपाय डोळे हाच. तपासताना नटांकडे पाहू नये, कारण त्या काळचा अभिनय मुळातच हातवारे करणारा होता आणि तो घाईचा आहे की शैलीचा हे ओळखता येत नाही. पाणी पाहावे, वाऱ्याने हलणारे धोतर किंवा पदर पाहावा, रस्त्याने सहज चाललेला माणूस पाहावा. यमुनेत उडी पडल्यावर उसळलेले पाणी सुईसारखे टोचून खाली येत असेल तर वेग जास्त आहे. ते हवेत रेंगाळत असेल तर कमी. हे पत्र निघण्याआधी, रिकाम्या सभागृहात, दहा मिनिटांचा तुकडा लावून पाहायचे काम आहे.

वेग चुकला की काय होते याचे उत्तम उदाहरण लंडनच्याच फिल्म सोसायटीत घडले. १० नोव्हेंबर १९२९ला तिथे ‘पोटेमकिन’ दाखवला गेला. संगीतकार एडमंड मायझेल स्वतः हजर होता आणि त्याने रचलेले संगीत वाद्यवृंदाकडून वाजवून घेत होता. आयझेनस्टाइनने नंतर सांगितले त्याप्रमाणे, संगीत नीट बसावे म्हणून मायझेलने दिग्दर्शकाला न विचारता प्रोजेक्टर जरा हळू चालवायला लावला. चित्रपटात दगडी सिंहांचे तीन तुकडे आहेत: एक झोपलेला, एक जागा झालेला, एक उठलेला. ते झरझर एकामागून एक आले की दगड डरकाळी फोडून उठल्याचा भास होतो. त्या दिवशी ते सावकाश आले. प्रत्येक सिंह वेगळा पुतळा आहे हे पाहणाऱ्याला दिसायला वेळ मिळाला आणि लोक हसले. जगभर अंगावर काटा आणणारी जागा तेवढ्या एका खेळात विनोदी ठरली. हे सांगताना आयझेनस्टाइनचा राग लपत नाही, आणि तो रास्त आहे.

कमी वेगाची एक यांत्रिक अडचणही आहे. प्रोजेक्टरच्या शटरची पाती दर चौकटीला प्रकाश दोनदा सोडतात. २४ चौकटींना सेकंदाला ४८ लखलखाट होतात आणि डोळ्याला चित्र स्थिर वाटते. त्याच शटरने १६ चौकटी दाखवल्या तर लखलखाट ३२ होतात आणि पडदा फडफडू लागतो. अर्ध्या तासात डोके दुखते. तीन पात्यांचे शटर लावले की पुन्हा ४८ होतात, म्हणून जुन्या मूकपटांच्या यंत्रांत ते असे. आजकाल बहुतेक सोसायट्या फाईल किंवा डिस्कवरून खेळ करतात. तिथे फडफड नसते, पण १६ किंवा १८ चौकटी २४मध्ये बसवण्यासाठी काही चौकटी दोनदा घातलेल्या असतात. कॅमेरा आडवा फिरला की चित्र ठेचकाळल्यासारखे दिसते ते त्यामुळे. ‘कालिया मर्दन’मध्ये कॅमेरा बहुतेक एका जागी उभा असल्याने ते फारसे जाणवत नाही, रेल्वे किंवा घोडदौड असलेल्या चित्रपटात जाणवते.

तपासणीच्या त्या दहा मिनिटांत आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी, ती म्हणजे पडद्याची डावी कड. मूकपटाची चौकट फिल्मच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांमधली सगळी रुंदी वापरी. बोलपट आल्यावर डाव्या बाजूची पट्टी ध्वनीसाठी घेतली गेली. जुना मूकपट बोलपटाच्या चौकटीत उतरवला किंवा दाखवला तर नेमकी ती पट्टी कापली जाते आणि सगळे चित्र डावीकडे सरकल्यासारखे दिसते. ओळखायची खूण अगदी सोपी आहे. मजकुराच्या पाट्या पाहाव्यात. ओळीचे पहिले अक्षर अर्धे गेले असेल तर चित्राचीही तेवढी कड गेली आहे. प्रतच तशी असेल तर इलाज नाही, पण यंत्राची खिडकी चुकीची बसवली असेल तर ती बदलता येते. आजच्या रुंद पडद्यावर चित्र भरण्यासाठी वर-खाली कापून दाखवण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. फाळके यांच्या दृश्यात माणसे पायांपासून डोक्यापर्यंत दिसतात. कापल्यावर घोटे तरी जातात किंवा मुकुट तरी.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या वाचनाचा निर्णयही पत्रात हवा. ‘राजा हरिश्चंद्र’च्या उपलब्ध भागात पाट्या हिंदी आणि इंग्रजीत आहेत. त्या काळी प्रेक्षकांत अक्षरओळख नसलेले अनेक असत, म्हणून पडद्याशेजारी उभे राहून मोठ्याने पाट्या वाचणारा, मधूनच पदरची भर घालणारा माणूस थिएटरात असे. आजच्या खेळात त्याची गरज नसते. परदेशी चित्रपटाच्या जर्मन किंवा रशियन पाट्यांसाठी मात्र कुणीतरी मराठीत वाचून दाखवणे हे खाली इंग्रजी ओळी लावण्यापेक्षा कधी कधी बरे पडते, अट एवढीच की वाचणाऱ्याने अभिनय करू नये.

संगीताचा निर्णय वेगाच्या नंतरचा. वेग ठरल्याशिवाय प्रसंग किती वेळ चालतो ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय वादकाला काही सांगता येत नाही. ‘कालिया मर्दन’ १८ चौकटींनी दाखवायचा ठरला तर कार्यवाहाने ६५ मिनिटांची, प्रसंगवार वेळ लिहिलेली एक यादी करून हार्मोनियमवादकाला द्यावी. त्या काळी मुंबईत पेटी-तबला हीच साथ होती, त्यामुळे हा पर्याय ऐतिहासिकदृष्ट्याही चुकीचा नाही. वादकाने चित्रपट एकदा तरी आधी पाहिलेला असावा. कृष्णाच्या चित्रपटाला ओळखीची भजने वाजवण्याचा मोह होतोच, आणि त्यातला धोकाही ओळखीमुळेच येतो: चाल ऐकताच प्रेक्षक मनात शब्द म्हणू लागतो आणि पडद्यावरच्या मुलीकडे दुर्लक्ष होते. शब्द चिकटलेली चाल शक्यतो टाळावी, रागाचा विस्तार चालेल. काहीच साथ न ठेवता दाखवणे हाही पर्याय आहे, परंतु तो शुद्धतेच्या नावाखाली निवडला जातो तेव्हा जरा हसू येते. मूकपट निःशब्द होते, पण थिएटर कधीच शांत नव्हते.

तयार संगीत असलेली नवी प्रत वापरायची झाल्यास परवानगीचा प्रश्न येतो. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे १९१९च्या चित्रपटावर तो उरलेला नाही. पण त्यावर आज रचलेल्या संगीताला स्वतंत्र हक्क असतो. फ्रान्झ ऑस्टेन आणि हिमांशू राय यांचा ‘शिराज’ १९२८चा आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ साली त्याची नवी प्रत आणली तिला अनुष्का शंकर यांचे संगीत आहे. चित्रपट जुना म्हणून हा खेळ मोकळेपणाने करता येईल असे समजणे चूक आहे. संग्रहालयाकडून आलेल्या प्रतीलाही संग्रहालयाच्या अटी असतातच.

एवढे ठरल्यावर पत्र लिहायला फारसा वेळ लागत नाही. ‘कालिया मर्दन’साठी ते साधारण असे होईल:

‘सन्माननीय सभासद, सप्रेम नमस्कार. मूकपट मालेतील या महिन्याचा खेळ दादासाहेब फाळके यांच्या “कालिया मर्दन” (१९१९) या चित्रपटाचा आहे. मूळ सहा हजार फुटांपैकी सुमारे ४,४०० फूट आज उपलब्ध असून तेवढा भाग आपण सलग पाहणार आहोत. चित्रपट सेकंदाला १८ चौकटी या वेगाने दाखवला जाईल. अवधी ६५ मिनिटे, मध्यंतर नाही. पेटी आणि तबल्याची साथ प्रत्यक्ष होईल. खेळ साडेसहाला वेळेवर सुरू होईल. पहिली दोन मिनिटे चुकवू नयेत, चर्चा तिथूनच सुरू होणार आहे. चर्चा पावणेआठ ते साडेआठ. प्रवेश सभासदांना, सोबत एक पाहुणा, नाव आधी कळवावे. कळावे, आपला, कार्यवाह.’

पहिल्या दोन मिनिटांचा आग्रह उगाच नाही. चित्रपट सुरू होतो तो कथेने नाही, मंदाकिनीच्या चेहऱ्याने. ती कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव करून दाखवते आणि मग तीच मुलगी पडद्यावरच कृष्ण होते. फाळके यांनी नटी आधी आणि देव नंतर दाखवला. प्रेक्षकाने दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवावे असे त्यांना वाटत होते का, हा चर्चेचा पहिला प्रश्न होऊ शकतो. उशिरा आलेल्या सभासदाला तो प्रश्नच कळणार नाही.

चर्चेसाठी असा नेमका प्रश्न पत्रात देणे हे बहुतेक कार्यवाह टाळतात. ‘चित्रपटानंतर रसग्रहणात्मक चर्चा’ एवढे लिहिले की चर्चा ठरलेल्या दोन दिशांना जाते: एक तर जुन्या काळाचे कौतुक किंवा मग अभिनय किती भडक होता याची तक्रार. पाहण्याआधी दोनच गोष्टी सांगितल्या तर बोलणे पडद्यावर राहते. कालियाच्या प्रसंगात पाण्याखालचे दृश्य आणि पाण्यावरचे दृश्य कुठे जोडले आहे, आणि तिथे सापाचे किती अंग एका वेळी दिसते, हे पाहायला सांगावे. फाळके यांची युक्ती बहुधा तिथेच पकडता येते, आणि ती पकडल्यावरही दृश्याचा परिणाम जात नाही, यावर वाद घालण्यासारखे बरेच आहे. दुसरी गोष्ट भूमिकांची. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले, कारण ते करायला बाई मिळाली नाही. सहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने मुलाच्या भूमिकेत मुलगी उभी केली. मधल्या काळात, त्याच १९१३ साली, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या. या तीन चित्रपटांची ओळ पत्रात दिली तर बाकी सांगावे लागत नाही.

चर्चा पंचेचाळीस मिनिटांपेक्षा लांबवू नये, आणि सुरुवात ज्येष्ठ समीक्षकाच्या भाषणाने करू नये. भाषण झाले की इतरांचे बोलणे त्याच्याशी सहमती किंवा असहमती एवढेच उरते. कुणीतरी एक दृश्य आठवून सांगावे, दुसऱ्याला ते वेगळे आठवत असेल तर तो तुकडा पुन्हा लावावा. फाईलवरून खेळ असल्यास हे दोन मिनिटांत होते. रिळावरून असेल तर फिल्म मागेपुढे ओढू नये, आठवणीवरच भागवावे.

खेळ संपल्यावर कार्यवाहाच्या वहीत चार नोंदी होतात: प्रत्यक्ष वेग, प्रत्यक्ष अवधी, प्रतीत आढळलेली तूटफूट किंवा जोड कोणत्या रिळात किती मिनिटांवर आहेत, आणि उपस्थिती. तूटफुटीची नोंद प्रत परत करताना संग्रहालयाला कळवायची असते, नाहीतर पुढच्या सोसायटीने फाडलेली फिल्मही याच खेळाच्या नावावर लागते. वेग आणि अवधी मात्र दुसऱ्याच कामाला येतात. हीच प्रत चार-पाच वर्षांनी पुन्हा मागवली जाते, तोवर कार्यवाह बदललेला असतो, आणि त्याला यादीतल्या पन्नास मिनिटांवर भिस्त ठेवावी लागत नाही.